ट्रान्सक्रिप्टमध्ये कुणीच काही बोललं नाही, मग सारांशात "ठरलं" लिहायचं का?

मीटिंगचा सारांश लिहिणाऱ्यांची एक चूक मला सतत दिसते. चेअरमन म्हणतात "मग हे करूया", पुढची ओळ दुसऱ्याच विषयावर असते, मध्ये कुणी काही बोललेलं नसतं, आणि सारांशात येतं "सर्वानुमते मंजूर". दोन महिन्यांनी कुणीतरी म्हणतं की मी कधी मान्य केलं होतं, आणि कागद दाखवून त्याला गप्प केलं जातं. त्या कागदावरचं वाक्य मीटिंगमध्ये कुणी बोललेलंच नसतं, ते लिहिणाऱ्याने घातलेलं असतं.

हा लेख हाऊसिंग सोसायटीच्या मॅनेजिंग कमिटीची ऑनलाइन मीटिंग समोर ठेवून लिहिलाय, कारण तिथे मौनाचा निर्णय सगळ्यात जास्त वेळा होतो आणि त्यात पैसे अडकलेले असतात. ऑफिसच्या कॉलला, ट्रस्टच्या किंवा मंडळाच्या बैठकीलाही हाच क्रम चालेल, फक्त नियमांचा भाग बदलेल.

खालचा उतारा मी उदाहरणासाठी रचलाय. कमिटी ११ जणांची, कॉलवर ७, आणि या सोसायटीचा कोरम ६ धरूया. पूर्ण लेखभर हाच उतारा वापरणार आहे म्हणून एकदा नीट वाचून घ्या.

```
२०:४१:०५ चेअरमन: टेरेसच्या वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशन
         आलीत. मधलं ४ लाख ८० हजारांचं, पाच वर्षांची
         गॅरंटी देतोय. मला वाटतं तेच घ्यावं.
२०:४१:३२ खजिनदार: पैसे सिंकिंग फंडातून का रिपेअर
         फंडातून, ते बघावं लागेल.
२०:४१:४४ चेअरमन: हो ते बघू. मग मधलंच फायनल करू,
         कुणाची हरकत नाही ना?
२०:४१:५१ सेक्रेटरी: पुढचा विषय पार्किंग.
...
२०:५२:१० बी विंगच्या ताई: ते वॉटरप्रूफिंग पावसाळ्याआधी
         होणार ना?
२०:५२:१८ सेक्रेटरी: हो, मी सोमवारी वर्क ऑर्डर देतो.
         ॲडव्हान्स किती ते खजिनदार सांगतील.
२०:५२:२६ खजिनदार: आधी फंडाचं ठरू दे.
```

आता यातून सारांशात काय जाईल? बहुतेक जण लिहितील, "मधलं कोटेशन सर्वानुमते मंजूर, सेक्रेटरी सोमवारी वर्क ऑर्डर देतील." पुढचे टप्पे करत गेलात की यातलं किती उरतं ते दिसेल.

## टप्पा ० : लिहायला बसण्याआधी काय जमवायचं

नुसता ट्रान्सक्रिप्ट घेऊन बसू नका. मौन हे ट्रान्सक्रिप्टमध्ये लिहिलेलं नसतं, दोन ओळींच्या मधली रिकामी जागा असते ती, आणि त्या जागेत खरं काय झालं ते कळायला आणखी चार गोष्टी लागतात.

पहिलं म्हणजे रेकॉर्डिंग, म्हणजे आवाज. ऑटोमॅटिक ट्रान्सक्रिप्ट "हं", "हो", "अं पण..." असले छोटे आवाज गाळतो, आणि दोघं एकदम बोलले की एकाचंच घेतो. म्हणजे तुम्हाला जे मौन वाटतंय तिथे कुणीतरी "पण" म्हणून थांबलेलं असू शकतं. दुसरं म्हणजे कोण कधी कॉलवर आलं आणि कधी गेलं याची यादी. तिसरं, कॉलमधला चॅट, कारण बरेच जण माईक न उघडता तिथे "मला मान्य नाही" टाकून मोकळे होतात आणि चॅट वेगळ्या फाईलमध्ये सेव्ह होतो किंवा होतच नाही. चौथं, मीटिंगची नोटीस आणि विषयपत्रिका.

आणि एक गोष्ट शोधून ठेवा, तुमच्या गटात निर्णय कसा होतो असं कुठे लिहिलंय. सोसायटीत उपविधी असतात, कंपनीच्या बोर्डाला कायदा असतो, ऑफिसच्या टीममध्ये बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं. काहीच लिहिलेलं नसेल तर मौनाला तुमच्या बाजूने कुठलाही अर्थ देण्याचा अधिकार तुम्हाला नाही, एवढं धरून पुढे जा.

तपासा: आवाज नसेल, फक्त मजकूर असेल, तर सारांशाच्या सुरुवातीलाच लिहा की हा फक्त ट्रान्सक्रिप्टवरून केलाय. मग मौनावरचा प्रत्येक निष्कर्ष एक पायरी खाली ठेवायचा.

## टप्पा १ : नाही म्हणता येईल असं वाक्य होतं का?

सगळ्यात आधी मौन सोडून द्या आणि त्याच्या आधीचं वाक्य बघा. ज्या वाक्याला नाही म्हणता येत नाही त्यावर गप्प बसल्याला होकार म्हणता येत नाही. नाही म्हणायला त्यात काय करायचं, किती पैशात, कुणी, कधीपर्यंत, एवढं तरी लागतं. चारही गोष्टी नसल्या तरी पहिली तर हवीच.

"टेरेसचं काहीतरी करायला पाहिजे" यावर सगळे गप्प बसले तर काहीच ठरलं नाही. "मला वाटतं तेच घ्यावं" हे मत आहे, यावरही लोक गप्प बसतात कारण ते ऐकतायत. "मधलंच फायनल करू" हे पहिल्यांदा प्रस्तावासारखं वाक्य आहे. आपल्या उताऱ्यात ते २०:४१:४४ ला येतं, त्याआधी नाही.

आता त्या प्रस्तावात काय आहे ते कागदावर तुमच्या शब्दात लिहून बघा. मधलं कोटेशन, ४ लाख ८० हजार. काम कधी सुरू, माहीत नाही. पैसे कुठल्या फंडातून, माहीत नाही, आणि हे माहीत नाही असं खजिनदार स्वतःच बारा सेकंद आधी बोललेत. म्हणजे प्रस्तावाचा एक तुकडा मांडला जात असतानाच उघडा होता. त्यामुळे मौन मोजायचंच असेल तर फक्त "कुठलं कोटेशन" एवढ्यापुरतं मोजता येईल. "पैसे द्यायचे" यावर कुणी होकार दिला असं म्हणता येणारच नाही, कारण तो प्रश्न मांडलाच गेला नाही.

थांबा: एका वाक्यात दोन-तीन गोष्टी असल्या तर त्या सुट्या करा. कंत्राटदार कोण, रक्कम किती, पैसे कुठून, काम कधी. मौन प्रत्येकावर वेगळं तपासायचं. इथे घाई झाली की एका "हरकत नाही ना"च्या खाली चार निर्णय दडून जातात.

## टप्पा २ : प्रश्न विचारला का, आणि कसा विचारला?

प्रस्तावानंतर कुणाला काही विचारलं का ते शोधा. विचारलंच नसेल, चेअरमन बोलून पुढे गेले असतील, तर मौनाला काहीही अर्थ नाही. लोकांना उत्तराची वेळ आलीये हेच कळलेलं नसतं. असं असेल तर सारांशात "चेअरमननी सुचवलं" एवढंच.

विचारलं असेल तर प्रश्नाचा आकार बघा, कारण त्यावरून मौनाचा अर्थ उलटा होतो.

"सगळ्यांना मान्य आहे का?" असं विचारलं आणि कुणी बोललं नाही, तर होकार आलेला नाही. इथे मौन म्हणजे उत्तर आलं नाही. चेअरमननी हो मागितलं होतं, ते मिळालं नाही.

"कुणाची हरकत आहे का?" असं विचारलं आणि कुणी बोललं नाही, तर हरकत आलेली नाही. हे वरच्यापेक्षा जास्त आहे, पण तरी ते "सर्वांनी मान्य केलं" नाही, ते "हरकत आली नाही" एवढंच आहे. सारांशात नेमके हेच शब्द लिहायचे.

"कुणाची हरकत नाही ना?" हा तिसरा प्रकार, आपल्या उताऱ्यातला. यात उत्तर आधीच भरून ठेवलंय आणि नाही म्हणणाऱ्याला प्रवाहाविरुद्ध बोलावं लागतं, त्यातून चेअरमन वयाने मोठे असतील, त्याच इमारतीत रोज जिन्यात भेटत असतील तर लोक तिथे सहसा बोलत नाहीत. म्हणून या प्रश्नानंतरचं मौन मी सगळ्यात कमी वजनाचं धरतो, टप्पा ५ मध्ये दुसरा पुरावा मिळाला तरच त्याला उभं करतो.

चौथा प्रकार म्हणजे नाव घेऊन विचारणं. "खजिनदार, तुमचं काय?" आणि ते म्हणाले "चालेल". हे मौन नाहीच, हा त्यांचा होकार आहे, आणि फक्त त्यांचा आहे. बाकी सहा जणांना तो लावायचा नाही.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, मराठी बोलण्यात काही शब्द होकारासारखे दिसतात पण नसतात. बोलणाऱ्याला दाद देताना आपण "हं", "हो हो", "बरोबर" म्हणतो, त्याचा अर्थ ऐकतोय असा असतो. "ठीक आहे" हे अनेकदा ठीक आहे, कळलं. "तुम्ही म्हणाल तसं" यात माणूस स्वतःचं मत बाजूला ठेवतोय. आणि "बघू" हा तर बहुतेक वेळा सभ्य नकार किंवा पुढे ढकलणं असतं. उताऱ्यात चेअरमनचं "हो ते बघू" असंच आहे, खजिनदारांच्या मुद्द्याला ते उत्तर नाही, तो मुद्दा बाजूला सारलाय. त्याला "फंडाचा विषय मिटला" असं वाचलंत तर चुकलात.

## टप्पा ३ : गप्प बसणाऱ्याला बोलायची संधी होती का?

इथे बहुतेक जण टाइमस्टॅम्प चुकीचे वाचतात. ट्रान्सक्रिप्टमधली वेळ साधारणपणे ओळ सुरू झाल्याची असते, संपल्याची नाही. उताऱ्यात चेअरमनची ओळ ४१:४४ ला सुरू होते आणि सेक्रेटरींची ४१:५१ ला. म्हणजे सात सेकंद मिळाले असं वाटतं. पण चेअरमनचं वाक्य म्हणून बघा, "हो ते बघू, मग मधलंच फायनल करू, कुणाची हरकत नाही ना", सावकाश बोललात तर पाच-सहा सेकंद जातात. म्हणजे खरी शांतता एखाद-दोन सेकंदांची. म्यूटवर बसलेल्या माणसाला माईकचं बटण शोधून दाबायलाच तेवढा वेळ लागतो, त्यात आवाज थोडा उशिराने पोचतो ते वेगळंच.

म्हणून रेकॉर्डिंग लावा आणि प्रश्नाचा शेवटचा शब्द संपल्यापासून पुढचा पहिला शब्द सुरू होईपर्यंतची जागा मोजा. मी स्वतः पाच सेकंदांपेक्षा कमी शांततेला संधी धरत नाही. हा कुठला नियम नाही, माझा कामचलाऊ आकडा आहे, प्रत्यक्ष बैठकीत थोडा कमी चालेल कारण तिथे चेहरा दिसतो आणि हात वर झालेला दिसतो. पण जो आकडा धराल तो सगळ्या विषयांना सारखाच लावा, नाहीतर आपल्याला पटलेले निर्णय पास होतात आणि न पटलेले अडकतात.

मग हजेरीची यादी घ्या. कॉलवर ७ जण होते हे मीटिंगचं, पण ४१:४४ ला किती होते? समजा सातव्या मजल्यावरचे काका, ज्यांनी मागच्या बैठकीत सगळ्यात स्वस्त कोटेशनचा आग्रह धरला होता, ते नेटवर्क गेल्यामुळे ८:३९ ते ८:४७ कॉलवर नव्हते. त्यांचं मौन मोजता येत नाही. उरलेले सहा, कोरम कसाबसा टिकला, पण "सर्वानुमते" हा शब्द इथे संपला. कॉलच्या शेवटी ते परत आले म्हणून त्यांना "उपस्थित" म्हणता येतं, या विषयाला उपस्थित म्हणता येत नाही.

तपासा: प्रत्येक निर्णयाच्या क्षणी कोरम होता का. सुरुवातीला होता एवढ्यावर थांबू नका. लोक जेवायला, मुलाला आणायला, दुसऱ्या कॉलला निघून जातात आणि शेवटचे दोन विषय तीन माणसांत ठरतात.

## टप्पा ४ : हा विषय या लोकांना मौनाने ठरवता येतो का?

हा टप्पा लोक शेवटी करतात किंवा करतच नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात महागात तोच पडतो. मौन कितीही स्वच्छ असलं तरी जे ठरवायचा अधिकार त्या गटाला नाही ते ठरत नाही.

सोसायटीत दुरुस्तीवर कमिटीने स्वतःहून किती खर्च करायचा याला मर्यादा असते, त्यावर गेलं की सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. तुमच्या उपविधीत आकडा बघा, ४ लाख ८० हजार बहुतेक ठिकाणी त्यापलीकडे जाईल. आणि सिंकिंग फंडाला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतोच. म्हणजे खजिनदार जे विचारत होते ते किरकोळ नव्हतं, त्याच्या उत्तरावर हा विषय कमिटीचा आहे का सभेचा हे ठरणार होतं. समजा उपविधीप्रमाणे सभेचा निघाला, तर कमिटीतल्या मौनातून जास्तीत जास्त एवढंच निघतं की कमिटी सभेकडे मधल्या कोटेशनची शिफारस करणार. "मंजूर" हा शब्द कमिटीच्या सारांशात बसतच नाही.

पुनर्विकासासारख्या विषयात तर मौनाचा विचारही करू नका. तिथे किती सभासद हजर हवेत, किती जणांची संमती हवी हे सरकारने ठरवून दिलंय, सभेचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं, आणि संमती मोजली जाते. कुणी बोललं नाही याला तिथे जागा नाही.

कंपनीच्या बोर्डाचं बघितलं की फरक आणखी स्पष्ट होतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ११८ प्रमाणे एखाद्या ठरावाला जो संचालक विरोध करतो किंवा सहमत होत नाही त्याचं नाव इतिवृत्तात लिहावं लागतं. सहमत न होणं हे विरोधापेक्षा वेगळं लिहिलंय, म्हणजे गप्प बसलेल्याला सरळ होकारात टाकायच्या आधी विचारायला हवं. कागद फिरवून जो ठराव होतो त्यातही उत्तर न देणारे हो मध्ये धरत नाहीत, ठराविक मुदतीत बहुसंख्य संचालकांची मंजुरी आली नाही तर ठराव झालाच नाही असं मानतात.

याच्या उलट, मौनाला होकार मानायचा असं आधीच ठरवलेले गटही आहेत. अपाचे फाउंडेशनच्या सॉफ्टवेअर प्रकल्पांमध्ये प्रस्ताव लेखी टाकायचा, किमान ७२ तास थांबायचं, कुणी आक्षेप घेतला नाही तर पुढे जायचं, अशी पद्धत आहे. तिथे मौन चालतं कारण प्रस्ताव लिहिलेला आहे, मुदत सांगितलेली आहे, आणि गप्प बसलं तर काय होणार हे प्रत्येकाला आधी माहीत आहे. आपल्या उताऱ्यात यातलं एकही नाही. तुमच्या कमिटीला असं हवं असेल तर आधी तसा निर्णय करून इतिवृत्तात घ्या, तोही कमिटीच्या अधिकारातल्या विषयांपुरताच, आणि मग पुढच्या बैठकीपासून तो वापरा, मागच्या बैठकींना लावू नका.

थांबा: गप्प बसलेल्या माणसावर काम टाकलं असेल तर ते स्वीकारलं असं कधीही लिहू नका. "ॲडव्हान्स किती ते खजिनदार सांगतील" हे सेक्रेटरी बोललेत, खजिनदार नाही. आणि जो कॉलवरच नव्हता त्याच्या नावापुढे काम लिहायचं असेल तर "कळवायचं आहे" असं लिहा.

## टप्पा ५ : नंतर लोक कसे वागले ते शोधा

मौनाचा खरा अर्थ त्या क्षणी कळत नाही, पुढच्या अर्ध्या तासात कळतो. म्हणून त्या विषयाचे शब्द घेऊन पूर्ण ट्रान्सक्रिप्टमध्ये शोधा. वॉटरप्रूफिंग, टेरेस, कोटेशन, गळती, कंत्राटदाराचं नाव, आणि चुकीची स्पेलिंगंसुद्धा, कारण ऑटोमॅटिक ट्रान्सक्रिप्ट एकच शब्द तीन तऱ्हेने लिहितो.

शोधताना दोन गोष्टी बघायच्या. लोक ते ठरल्यासारखं बोलतायत का, म्हणजे तारीख विचारणं, काम अंगावर घेणं, पुढचं पाऊल ठरवणं. आणि कुणी ते उघडं असल्यासारखं बोलतंय का, म्हणजे अट घालणं, प्रश्न परत काढणं, "आधी हे होऊ दे" म्हणणं.

उताऱ्यात दोन्ही आहे आणि म्हणूनच ते शिकण्यासारखं आहे. ५२:१० ला ताई "पावसाळ्याआधी होणार ना" विचारतात, म्हणजे त्यांच्या डोक्यात काम होणार हे धरलंय. ५२:१८ ला सेक्रेटरी तर वर्क ऑर्डरपर्यंत पोचलेत. पण ५२:२६ ला खजिनदार म्हणतात "आधी फंडाचं ठरू दे", म्हणजे ज्या माणसाने आधी शंका काढली होती तो अकरा मिनिटांनीही तिथेच उभा आहे. ४१:४४ चं त्यांचं मौन होकार नव्हतं हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

इथे मोजणी करून दोन विरुद्ध एक असं म्हणायचं नाही. जो बोलला त्याचं बोलणं त्याच्याच आधीच्या मौनावर मात करतं, दुसऱ्यांचं गृहीत धरणं त्याच्या बोलण्यावर मात करू शकत नाही. खजिनदारांचं वाक्य शेवटी आलंय, त्याला कुणी उत्तर दिलेलं नाही, म्हणून पैशाचा भाग उघडा.

याची उलट बाजूही बघा. समजा खजिनदार ५२:२६ ला म्हणाले असते, "२५ टक्के ॲडव्हान्स, रिपेअर फंडातून देतो", तर ४१:४४ चं अर्धवट मौन पक्कं झालं असतं, कारण ज्याची शंका होती त्यानेच ठरल्याप्रमाणे वागायला सुरुवात केली. अधिकाराचा प्रश्न मात्र तरीही राहिला असता.

## टप्पा ६ : तीनपैकी एका खणात टाका

आता प्रत्येक सुट्या तुकड्याला एक खण द्या.

१. ठरलं. स्पष्ट प्रस्ताव, विचारलेला प्रश्न, बोलायला खरी संधी, गटाला अधिकार, आणि एकतर तोंडी होकार किंवा चेअरमनने "म्हणजे हे ठरलं" असं जाहीर करून नंतर कुणी ते उघडलं नाही.

२. प्रस्ताव आला, हरकत नोंदली गेली नाही. प्रस्ताव आणि प्रश्न आहे, पण संधी अपुरी होती, किंवा कुणी जाहीर केलं नाही, किंवा काही जण कॉलवर नव्हते.

३. चर्चा झाली, निर्णय नाही. प्रस्तावच नव्हता, प्रश्नच विचारला नाही, कुणाची अट लटकत राहिली, किंवा गटाला अधिकार नव्हता.

शंका असेल तर खालचा खण. दुसऱ्या खणातली गोष्ट नंतर पहिल्यात नेणं सोपं असतं, एक मेसेज टाकून होतं. पहिल्यात लिहिलेली खाली आणायची म्हणजे कुणालातरी कागद खोटा आहे असं म्हणावं लागतं आणि मग भांडण कागदाचं होतं, टेरेसचं राहतच नाही.

आपल्या उताऱ्याचं असं होतं. कोटेशनची निवड खण २ मध्ये, आणि विषय सभेचा निघाला तर तीही फक्त शिफारस म्हणून. फंड खण ३. वर्क ऑर्डर सोमवारी देणार, हे सेक्रेटरींचं म्हणणं आहे, त्याला आधार देणारा निर्णय नाही आणि खजिनदारांची अट त्याच्या आड येते, म्हणून खण ३. ॲडव्हान्सचं काम, खजिनदारांनी घेतलेलं नाही. "सर्वानुमते मंजूर"पासून आपण इथे आलो.

## टप्पा ७ : वाक्य कसं लिहायचं

"ठरले", "ठरवण्यात आले", "मान्य करण्यात आले" या क्रियापदांत कर्ता गायब होतो आणि मौन त्याच्या आड लपतं. कोण बोललं ते लिहा, आणि जे बोललं गेलं नाही ते "नोंदलं गेलं नाही" असं लिहा. "सर्वानुमते" फक्त तेव्हाच जेव्हा हजर असलेल्या प्रत्येकाचा होकार कुठेतरी ऐकू येतो किंवा चॅटमध्ये दिसतो.

वरच्या उताऱ्याचा सारांश मी असा लिहीन:

```
विषय: टेरेस वॉटरप्रूफिंग
(या विषयावेळी कॉलवर ६ सदस्य)

- चेअरमननी मधलं कोटेशन (रु. ४,८०,०००, ५ वर्षं गॅरंटी)
  घ्यावं असं मांडलं. "हरकत नाही ना" विचारल्यावर हरकत
  नोंदली गेली नाही. (२०:४१:४४)
- खर्च कुठल्या फंडातून करायचा हा खजिनदारांचा प्रश्न
  अनिर्णित. (२०:४१:३२, २०:५२:२६)
- सेक्रेटरींनी सोमवारी वर्क ऑर्डर देणार असं सांगितलं.
  खजिनदारांनी आधी फंड ठरावा असं म्हटलं. निर्णय नाही.
- खुलासा हवा: कोटेशनची निवड पक्की का? सर्वसाधारण
  सभेची मंजुरी लागेल का?
```

वेळा लिहिणं सोडू नका. ज्याला शंका येईल तो थेट त्या सेकंदाला जाऊन ऐकेल आणि तुमच्याशी वाद घालायची गरजच राहणार नाही. हरकतीवर चर्चा झाली असेल तर हरकत कुणाची होती तेही लिहा. नाव लिहिल्याने माणूस दुखावेल असं वाटून ते गाळतात, पण त्याने बोलण्याची हिंमत केली होती, ती नोंद त्याच्या हक्काची आहे.

तपासा: सारांश लिहून झाला की त्यातलं प्रत्येक "ठरलं" घेऊन स्वतःला विचारा, हे कुणाच्या तोंडचं वाक्य आहे? बोट ठेवता आलं नाही तर ते वाक्य तुमचं आहे, काढून टाका.

## टप्पा ८ : ड्राफ्ट पाठवून खण बदलून घ्या

खण २ च्या गोष्टी तशाच ठेवायच्या नाहीत, त्या विचारून पक्क्या करायच्या. शक्यतो दोन दिवसांत, लोकांना आठवतंय तोवर. पूर्ण सारांश पाठवून "काही बदल असल्यास कळवा" असं लिहू नका, ते कुणी वाचत नाही आणि मग आणखी एक मौन तुमच्या हातात येतं. खण २ ची ओळ वेगळी काढून विचारा.

```
कालच्या कॉलमध्ये मधलं कोटेशन घ्यावं असं मांडलं गेलं,
हरकत आली नाही, पण स्पष्ट होकारही आला नाही.
कृपया शुक्रवार रात्री ९ पर्यंत प्रत्येकाने लिहा:
हो / नाही / आधी बोलायचंय.
काका, तुम्ही त्या वेळी कॉलवर नव्हता, तुमचं मत
वेगळं हवंय.
```

व्हॉट्सॲपची निळी खूण म्हणजे वाचलं, मान्य केलं असं नाही. अंगठा हा होकार धरायचा का नाही ते मेसेजमध्येच सांगा, नाहीतर एकाचा अंगठा "वाचलं" असतो आणि दुसऱ्याचा "मंजूर". आणि ग्रुपवर आलेले होकार हे खुलासा म्हणून ठीक आहेत, निर्णय मात्र पुढच्या कमिटी बैठकीत वाचून नोंदवून घ्या.

ड्राफ्टवरचं मौन आणि मीटिंगमधलं मौन यात गल्लत करू नका. कंपन्यांच्या बोर्डासाठी जे सेक्रेटरीयल स्टँडर्ड आहे त्यात इतिवृत्ताचा ड्राफ्ट १५ दिवसांत पाठवायचा आणि संचालकाने सात दिवसांत काही कळवलं नाही तर त्याने ड्राफ्ट मान्य केला असं धरतात. सोसायटीच्या आदर्श उपविधीतही सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताचा ड्राफ्ट सभासदांकडे पाठवून १५ दिवसांत म्हणणं मागवायची पद्धत आहे. पण यातून मान्य होतं ते एवढंच की मीटिंगमध्ये जे झालं ते बरोबर लिहिलंय. ड्राफ्टमध्ये "निर्णय नाही" असेल आणि कुणी बोललं नाही तर निर्णय नाही हेच पक्कं झालं, त्यातून नवीन निर्णय उगवत नाही.

मुदतीनंतर कुणी हरकत आणली तर ड्राफ्ट मागच्या तारखेने बदलू नका. मूळ ओळ तशीच ठेवा, खाली तारीख घालून लिहा, "सातव्या मजल्यावरील सदस्यांनी अमुक तारखेला कळवलं की त्यांना ही निवड मान्य नाही", आणि विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर घाला. वर्क ऑर्डर तोपर्यंत गेलेली नसेल तर सेक्रेटरींना त्याच दिवशी फोन करून कळवा, पुढच्या सारांशाची वाट बघू नका.